गाव तेवढंच, शेत आटलं : दाटी मोजण्याच्या दोन रीती



गोसीखुर्दच्या धरणामागे, पाण्याच्या काठाला असलेल्या एका गावात मागे बैठक होती. गटातल्या बाया होत्या, काही पुरुष मंडळी होती आणि तालुक्याहून आलेले एक साहेब होते. गावाकडे शेती उरली नाही, असं बाया सांगत होत्या. साहेबांनी हातातला कागद पाहिला आणि म्हणाले, "तुमच्या जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरला २९४ माणसं. राज्याची सरासरी ३६५ आहे. म्हणजे तुमच्याकडे जागा जास्तच आहे की!" मागे बसलेली एक आजी लगेच बोलली, "साहेब, माणसं मोजली ते बरं केलं. पण ज्या जागेवर मोजली, त्यात धरणाचं पाणी धरलं का शेत धरलं?"

साहेबांचा आकडा खोटा नव्हता. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३३४ होती आणि क्षेत्र ४,०८७ चौरस किलोमीटर. भागाकार करा, २९४ येतात. आजीचा प्रश्नही खोटा नव्हता. त्या ४,०८७ चौरस किलोमीटरमध्ये जंगल आहे, वैनगंगेचं पात्र आहे, मामा तलाव आहेत, रस्ते आणि गावठाणं आहेत, आणि धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या बांध्यासुद्धा आहेत. भाताचा दाणा यातल्या थोड्याच जागेवर पिकतो. आजीने एका वाक्यात जे विचारलं, त्यासाठी भूगोलाच्या पुस्तकात दोन वेगळे शब्द आहेत. आज त्या दोन शब्दांचं बोलू.

पहिला शब्द गणितीय घनता. गावची सगळी माणसं घ्यायची आणि गावच्या सगळ्या जागेने भागायचं. पाणी, खडक, जंगल, स्मशान, काही सोडायचं नाही. साहेबांच्या कागदावर होती ती हीच. आपण तिला साधी दाटी म्हणू.

दुसरा शब्द कायिक घनता. माणसं तीच, पण भागायचं ते फक्त पिकाखालच्या जमिनीने. हिला आपण शेतावरची दाटी म्हणू. साधी दाटी सांगते की माणसं जागेवर किती पसरून राहतात. शेतावरची दाटी सांगते की एवढ्या पिकाऊ जमिनीवर किती तोंडांचा भार आहे. घरातलं उदाहरण घ्या. वाडा मोठा आहे, अंगण मोठं आहे, पण चुलीवर गंज एकच. जेवायला किती जण बसणार, हे अंगण मोजून कळत नाही.

या दोन दाट्यांमध्ये किती फरक पडतो, ते शेजारच्या गडचिरोलीवरून पाहू. २०११ मध्ये तिथे १० लाख ७२ हजार ९४२ माणसं आणि १४,४१२ चौरस किलोमीटर जागा होती. साधी दाटी आली ७४. आपल्या २९४ पुढे ७४ म्हणजे रान मोकळंच वाटतं. पण गडचिरोलीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगल आहे. उरला पाव भाग, म्हणजे ३,६०० चौरस किलोमीटरच्या आसपास. तो सगळाच्या सगळा शेत आहे असं धरलं, तरी एका चौरस किलोमीटरला जवळपास ३०० माणसं होतात. आणि तो सगळा शेत नाहीच. त्यातही नद्या, गावं, रस्ते, पडीक आहे. म्हणजे खरी दाटी ३०० च्याही वरच असणार. मोकळं दिसणारं रान आणि मोकळी शेतजमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पूर्ण महाराष्ट्राचं पाहिलं, तर साधी दाटी ३६५. राज्यात पिकाखालची निव्वळ जमीन साधारण १७४ लाख हेक्टर धरतात, त्याने भागलं की आकडा ६५० च्या आसपास जातो. भंडारा जिल्ह्यात समजा अर्धीच जागा पिकाखाली आहे, तर २९४ चे थेट ५८७ होतील. साहेब ज्याला "जागा जास्त" म्हणाले, ते एवढ्यानेच बदललं.

आता गोसीखुर्दकडे येऊ. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली. पवनी तालुक्यात, वैनगंगेवर. भिंत ११ किलोमीटरहून लांब, दरवाजे ३३. उद्देश होता भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत अडीच लाख हेक्टरला पाणी देण्याचा. पुढे याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जाही मिळाला. भिंतीच्या वरच्या बाजूला पाणी टप्प्याटप्प्याने चढत गेलं. काही गावं पूर्ण उठली आणि नव्या गावठाणात गेली. काहींचं मात्र वेगळंच झालं. गावठाण उंचावर असल्याने घरं वाचली, पण नदीकाठची शेती गेली. असं गाव नकाशावर दिसतं, मतदार यादीत दिसतं, शाळा भरते. त्यामुळे त्याचं काही गेलं आहे, हे आकड्यांत चटकन दिसत नाही.

अशा गावाचा हिशेब आपण मांडू. गाव कल्पनेतलं आहे, आकडे सोपे धरले आहेत. पण रीत खरी आहे आणि तुम्ही तुमच्या गावाला ती जशीच्या तशी लावू शकता.

गावात माणसं १,२००. गावाचं एकूण क्षेत्र ६०० हेक्टर. त्यात जंगल आणि झुडपी जंगल मिळून ११० हेक्टर. गावठाण, रस्ते, नाला, तलाव मिळून ७०. पडीक आणि पोटखराब ४०. उरलं ३८० हेक्टर, हे पिकाखाली. आता १०० हेक्टर म्हणजे एक चौरस किलोमीटर, हे एवढं पाठ ठेवा, बाकी सगळं सोपं आहे. ६०० हेक्टर म्हणजे ६ चौरस किलोमीटर. १,२०० ला ६ ने भागा, साधी दाटी २००. ३८० हेक्टर म्हणजे ३.८ चौरस किलोमीटर. १,२०० ला ३.८ ने भागा, शेतावरची दाटी साधारण ३१६.

मग धरणाचं पाणी आलं आणि नदीकाठच्या १४० हेक्टर बांध्या गेल्या. पिकाखाली उरली २४० हेक्टर. माणसं तेवढीच, १,२००. गावाचं एकूण क्षेत्रही तेवढंच, ६०० हेक्टर, कारण पाण्याखालची जमीन मौजाच्या हद्दीतून बाहेर जात नाही. म्हणून साधी दाटी काल २०० होती, आजही २०० आहे. तिला काही कळलंच नाही. शेतावरची दाटी मात्र १,२०० भागिले २.४, म्हणजे ५००. ३१६ वरून ५००. त्या बैठकीतल्या साहेबांच्या कागदावर हा बदल कधीच उमटणार नव्हता, कारण त्यांचा कागद पाणी आणि शेत एकाच मापाने मोजत होता.

चौरस किलोमीटर डोळ्यांपुढे येत नसेल, तर हिशेब उलटा करा. माणशी जमीन किती, ते काढा. सातबारावर हेक्टर आणि आर असतात. १०० आर म्हणजे एक हेक्टर आणि एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. आधी ३८० हेक्टर १,२०० माणसांत वाटले तर माणशी ३२ आर येत होते. आता २४० हेक्टरमध्ये माणशी २० आर. पाच जणांच्या घराला आधी साधारण चार एकर यायची, आता अडीच. आपल्याकडच्या बाईला हे लगेच समजतं, कारण चार एकरांत धान विकूनही वर्षाचं खायचं उरतं, आणि अडीच एकरांत पाऊस फसला की तांदूळ विकत आणायची पाळी येते.

यात अजून एक गोष्ट आकड्यांच्या आड लपते. गेलेले १४० हेक्टर आणि उरलेले २४० हेक्टर सारखे नाहीत. नदीकाठची जमीन गाळाची, ओल धरणारी. धान निघाल्यावर त्याच ओलीवर लाखोळी, हरभरा, जवस टाकता यायचा. वर उरली ती बरेचदा हलकी, बरडी, मुरमाड. पावसाने ओढ दिली की पऱ्हे सुकतात आणि रोवणी लांबते. दाटी काढताना आपण एक हेक्टर कन्हार आणि एक हेक्टर बरडी यांना एकच किंमत देतो. म्हणून ५०० हा आकडासुद्धा कमीच बोलतो. धरणात नेहमी आधी बुडते ती खोलगट, काठाची जमीन, आणि तीच बहुतेक ठिकाणी चांगली असते.

ज्यांच्या नावावर सातबाराच नाही, त्यांचं काय, असं एका ताईंनी मला विचारलं होतं. प्रश्न बरोबर आहे. माणशी २० आर ही सरासरी झाली. मजुरीवर जगणाऱ्या घराकडे शून्य आर आधीही होते, आताही आहेत. पण बुडालेल्या शेतात तिची कामाची जागा होती. एका एकराची रोवणी एका दिवसात उरकायला समजा दहा बाया लागतात. १४० हेक्टर म्हणजे साधारण ३४६ एकर. म्हणजे एका हंगामात रोवणीचे जवळपास ३,४६० बायांचे दिवस गेले. निंदण आणि कापणी अजून धरलेलीच नाही. मोबदला जमिनीच्या मालकाला मिळतो. या गेलेल्या दिवसांचा मोबदला कुठल्या खात्यात जमा होत नाही. मग तेवढ्याच बाया उरलेल्या २४० हेक्टरवर काम मागतात, गुत्त्याचा भाव पडतो, नाहीतर टोळी करून दुसऱ्या तालुक्यात जावं लागतं. यासाठी भूगोलात तिसरी दाटी आहे, कृषी घनता. तीत गावची सगळी माणसं न धरता फक्त शेतीवर राबणारी धरतात. मजूर बायांच्या गटाने आपली बाजू मांडताना ही काढून पाहावी.

उठून गेलेल्या गावांचा हिशेब याच्या उलट बाजूने लागतो. समजा एका जुन्या गावात ९०० माणसं, ४५० हेक्टर जागा, पिकाखाली ३०० हेक्टर. साधी दाटी २००, शेतावरची ३००. तिथल्या २० हेक्टर शेतात नवं गावठाण बसलं आणि ४०० माणसं राहायला आली. आता साधी दाटी २८९ आणि शेतावरची ४६४. इथे दोन्ही आकडे हलले. साध्या दाटीला नवी माणसं दिसली. शेतावरच्या दाटीला नवी माणसंही दिसली आणि घरांखाली गेलेलं शेतही दिसलं. पुनर्वसनाच्या कागदात १८ नागरी सुविधांची यादी असते. रस्ता, शाळा, पाणी, स्मशानभूमी असं सगळं त्यात आहे. पोटापुरतं शेत त्या यादीत नाही. मोबदल्याचा पैसा हातात आला तरी एकाच वेळी एवढी घरं त्याच परिसरात जमीन शोधायला लागतात, आणि भाव चढतो. दोन एकर दिलेल्या घराला त्याच पैशात एक एकर मिळणंही अवघड होतं. जमिनीचा भाव हा शेतावरच्या दाटीचाच दुसरा तराजू आहे, फक्त त्याला सही-शिक्का लागत नाही.

इथवर ऐकून वाटेल की शेतावरची दाटीच खरी आणि साधी दाटी निकामी. तसं नाही. गावाला किती बोअर लागतील, अंगणवाडी किती लांब पडेल, एसटीचा थांबा कुठे हवा, हे साध्या दाटीवरूनच ठरतं. गडचिरोलीत दवाखाना दूर पडतो, तो ७४ मुळे. आणि शेतावरची दाटी शहराला लावली तर काहीच अर्थ राहत नाही. मुंबई उपनगरात एका चौरस किलोमीटरला २० हजारांहून जास्त माणसं, शेती नावालाच. भागाकार केला तर आकडा आभाळाला लागेल, पण तिथलं कोणी त्या शेतावर जगत नाही. तांदूळ आपल्याकडून जातो.

शेतावरच्या दाटीचा मोठा दोष मात्र वेगळा आहे, आणि गोसीखुर्दला तो नेमका समोर येतो. ती जमीन एकदाच मोजते. त्या जमिनीतून वर्षात एक पीक निघतं का दोन, हे ती विचारत नाही. धरणाच्या खालच्या बाजूचं शेत घ्या. कालवा यायच्या आधी तिथे पावसावर एक धान. कालव्याचं पाणी आलं आणि उन्हाळी धानही निघालं, तरी शेत तेवढंच, माणसं तेवढीच, दाटी तेवढीच. खरं तर भार हलका झाला. म्हणजे बघा, पाण्याने वरच्या गावाचं जे नेलं ते शेतावरच्या दाटीत दिसतं, पण त्याच पाण्याने खालच्या गावाला जे दिलं ते दिसत नाही. साध्या दाटीत दोन्ही दिसत नाही. अडीच लाख हेक्टरचं सिंचन म्हणजे अडीच लाख हेक्टर नवी जमीन नव्हे. बहुतेक ती आधीपासूनच शेतं आहेत. त्यांना ओल मिळणार आहे.

म्हणून खालच्या गावच्या बायांनी हिशेबात एक ओळ वाढवावी. निव्वळ पेरणी क्षेत्र २४० हेक्टर आणि त्यातल्या १०० हेक्टरवर दुसरं पीक, तर एकूण पीक क्षेत्र ३४० हेक्टर. १,२०० ला ३.४ ने भागलं की ३५३ येतात. हा आकडा ५०० च्या शेजारी लिहा. ५०० हा जमिनीवरचा भार, ३५३ हा पिकावरचा भार. दोघांत जेवढं अंतर, तेवढं गाव पाण्यावर विसंबून आहे. ज्या वर्षी कालव्याला पाणी सुटणार नाही, त्या वर्षी ते गाव ३५३ वरून पुन्हा ५०० वर येतं.

इजिप्तचं उदाहरण यासाठीच सगळे देतात. देश सुमारे १० लाख चौरस किलोमीटरचा, माणसं १० कोटींहून जास्त. साधी दाटी शंभराच्या थोडी वर, म्हणजे भंडाऱ्यापेक्षा कितीतरी कमी. पण जवळपास सगळं वाळवंट. शेती आहे ती नाईल नदीच्या काठाने आणि मुखाजवळ, देशाच्या शेकडा चारच्या आसपास. तेवढ्यावर भागलं की आकडा अडीच हजारांच्या वर जातो. तरी तिथले शेतकरी त्याच तुकड्यात वर्षाला दोन-दोन पिकं घेतात, कारण नाईलला अस्वानचं मोठं धरण आहे. त्या धरणामागच्या पाण्यातही नुबिया भागातली गावं बुडाली आणि माणसांना उठावं लागलं. आपल्या वैनगंगेकाठी जे झालं, ते तिथे १९६० च्या दशकात झालं होतं.

आता आकडे आणायचे कुठून. माणसांसाठी जनगणना आहे, पण ती २०११ ची. तेव्हापासून किती लेकी सासरी गेल्या, किती घरं नागपूरला गेली. त्यामुळे आजची माणसं मोजायला अंगणवाडीची कुटुंब सर्वेक्षण नोंदवही बरी. जमिनीसाठी तलाठ्यांकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, गाव नमुना एक पाहायला मागा. त्यात गावाच्या एकूण जमिनीची फोड असते. पिकाखालचं क्षेत्र पीक पाहणीवरून कळतं. आणि जिल्हा जनगणना पुस्तिकेत प्रत्येक गावासमोर जंगल, बिगरशेती, पडीक, चालू पड आणि निव्वळ पेरणी क्षेत्र अशी ओळ दिलेली असते.

हे आकडे जुळवताना चुका होतात, आणि ठरावीक ठिकाणीच होतात. पहिली चूक खरीप आणि उन्हाळी क्षेत्राची बेरीज करून तीच जमीन म्हणून धरण्याची. एकच बांधी दोनदा मोजली जाते. ही ओळखायची सोपी खूण अशी, की जंगल, गावठाण, पडीक आणि पेरणी यांची बेरीज गावाच्या एकूण क्षेत्रापेक्षा जास्त भरते. बेरीज ६०० ऐवजी ७०० झाली, की समजा कुठे तरी जमीन दुप्पट झाली. दुसरी चूक जुन्या आकड्यांची. पाणी टप्प्याने चढलं, म्हणून २०११ च्या पुस्तिकेत जे शेत लिहिलंय ते आज पाण्याखाली असू शकतं. संपादित झालेले गट गावातल्या माणसांना तोंडपाठ असतात. यादी घेऊन बसा आणि वजा करा.

तिसरी अडचण विदर्भात खास आहे, ती म्हणजे रिठी गावं. महसुलाच्या कागदात मौजा आहे, शेत आहे, पण वस्ती नाही. तिथली शेतं बाजूच्या गावातले लोक कसतात. तुमच्या गावाला अशी रिठी लागून असेल आणि ती धरली नाही, तर शेतावरची दाटी उगाच जास्त निघेल. उलटही होतं. तुमच्याच मौजातली वीस-तीस हेक्टर नागपूरच्या माणसाची असेल आणि तो ती पडीक ठेवत असेल, तर कागदावर शेत दिसतं, गावाच्या पोटात काही जात नाही. नव्या गावठाणात गेलेल्यांचं तर अजून विचित्र. माणसं इकडच्या गावात मोजली जातात आणि त्यांचं उरलंसुरलं शेत आठ-दहा किलोमीटर मागे, जुन्या मौजात. दोन्ही गावांचे आकडे वेगवेगळे काढले तर दोन्ही चुकतात. अशा वेळी दोन्ही मौजे एकत्र धरून एकच हिशेब करावा.

शेवटी गाळपेरचं. हा प्रश्न प्रत्येक काठच्या गावात विचारतात. पाणी उतरलं की तळाची गाळाची जमीन उघडी पडते आणि काही महिने तिच्यावर हरभरा, गहू, वाल, काकडी घेता येते. मग ती पिकाखालची जमीन धरायची का? माझं मत असं, की निव्वळ क्षेत्रात धरू नका. ती जमीन सरकारी मालकीची, दरवर्षी नव्याने वाटप होतं, आणि पाणी कधी उतरेल यावर पेरणीची वेळ ठरते. एखाद्या वर्षी पाणी उशिरापर्यंत भरून ठेवलं तर पेरणीच होत नाही. पण ती सोडूनही देऊ नका. आधीच्या हिशेबात आपण दुसऱ्या पिकासाठी वेगळी ओळ केली, तशीच गाळपेरची एक ओळ करा आणि मागच्या पाच वर्षांत प्रत्येक वर्षी किती एकर उघडं पडलं, ते गावातल्या बायांना विचारून लिहा. धीवर घरांना तर नक्की विचारा. पाणी कुठवर आलं होतं आणि कोणत्या महिन्यात मागे सरलं, हे जाळं टाकणाऱ्या माणसाइतकं कोणाच्या लक्षात राहत नाही.

त्या बैठकीतल्या गटाने पुढच्या ग्रामसभेला एकच कागद नेला. वर गावाचं नाव, खाली चार ओळी: माणसं, एकूण जागा, पिकाखालची जमीन पाणी यायच्या आधी, पिकाखालची जमीन आज. आजीने तो वाचून दाखवायला नातीला उभं केलं, कारण आजीला अक्षर येत नाही. भागाकार मात्र तिने तोंडीच सांगितला होता.